आयमॅक्स काढू की ॲटमॉस?

प्रश्न : मोठा चित्रपट आला की आमच्या घरात तिकीट काढण्यावरून वाद ठरलेला. मुलगा आयमॅक्स म्हणतो, मुलगी डॉल्बी ॲटमॉस म्हणते आणि मला दोन्हींतला फरक नीट कळत नाही. ॲपवर त्याच चित्रपटाच्या वेळांखाली कुठे ‘लेझर’ लिहिलेलं असतं, कुठे ‘फोर-के’, कुठे मल्टिप्लेक्सने आपल्या मोठ्या पडद्याला दिलेलं नाव. भावात मात्र भरपूर फरक. २०२३ मध्ये ‘ओपनहायमर’ आम्ही मुद्दाम ॲटमॉसच्या हॉलमध्ये पाहिला. छताला स्पीकरच्या दोन रांगा दिसत होत्या, पण चित्रपटभर वरून काहीच ऐकू आलं नाही. हॉलने फसवलं म्हणायचं का? आणि तिकीट काढताना नेमकं काय बघायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हॉलने फसवलं नाही. ‘ओपनहायमर’ला ॲटमॉसचा आवाज नव्हताच. ख्रिस्तोफर नोलन आपल्या चित्रपटांचं ध्वनिमिश्रण ॲटमॉसमध्ये करत नाही. ‘इंटरस्टेलर’, ‘डंकर्क’, ‘टेनेट’ आणि ‘ओपनहायमर’ या सगळ्यांचा साध्या चित्रपटगृहांसाठीचा आवाज ५.१ आहे. हॉलमध्ये छताला स्पीकर असले, तरी चित्रपटात त्यांच्यासाठी काही पाठवलेलंच नसेल तर ते गप्प राहतात. तुमच्या कानांनी बरोबर टिपलं होतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच सुरू होतं. ॲपवरचं नाव हॉलची क्षमता सांगतं. चित्रपट त्या क्षमतेसाठी बनवलेला आहे की नाही, ते सांगत नाही. दोन्ही जुळले तरच जास्तीचे पैसे वसूल. म्हणून तिकीट काढताना पहिली चौकशी चित्रपटाची करायची, हॉलची नंतर.

आधी आवाजाचं बघू. ५.१ म्हणजे पडद्यामागे तीन वाहिन्या (डावी, मधली, उजवी), प्रेक्षकांच्या दोन बाजूंना दोन, आणि ‘.१’ म्हणजे धडधडीच्या खर्जासाठी वेगळी एक. संवाद जवळजवळ सगळे मधल्या वाहिनीतून येतात. हॉलच्या डाव्या भिंतीवर तुम्हाला आठ स्पीकर दिसत असतील, पण ५.१ मध्ये ते आठही जण एकाच वेळी एकच गोष्ट बोलतात. त्यामुळे आवाज ‘डावीकडून’ येतो एवढंच कळतं. डावीकडे पुढून की मागून, ते कळत नाही. २०१० मध्ये ‘टॉय स्टोरी ३’बरोबर डॉल्बीचा ७.१ आला. त्यात बाजूची भिंत आणि मागची भिंत वेगळी झाली, म्हणजे दोनऐवजी चार दिशा मिळाल्या.

ॲटमॉस २०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’पासून आला आणि त्याच वर्षी आपल्याकडे रजनीकांतच्या ‘शिवाजी’च्या थ्रीडी आवृत्तीतही. त्याने वाहिन्या वाढवल्या असं म्हणणं अपुरं आहे. त्याने कामाची पद्धतच बदलली. मिश्रण करणारा तंत्रज्ञ आता ‘हा आवाज डाव्या वाहिनीत टाक’ असं सांगत नाही. हेलिकॉप्टरचा आवाज सुटा ठेवून तो त्याचा मार्ग नोंदवतो : पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून निघालं, डोक्यावरून गेलं, मागे डावीकडे विरलं. प्रत्येक हॉलमध्ये एक प्रोसेसर असतो आणि आपल्या हॉलमध्ये कुठला स्पीकर कुठे टांगलाय हे त्याला ठाऊक असतं. तो मार्ग वाचून कोणत्या क्षणी कोणता स्पीकर वाजवायचा हे तो जागेवरच ठरवतो. असे एकूण १२८ पर्यंत आवाज एका वेळी हाताळता येतात आणि ते ६४ पर्यंत स्पीकर-जोडण्यांवर वाटता येतात. भिंतीवरचे आठ स्पीकर इथे आठ वेगळ्या गोष्टी बोलू शकतात.

हा फरक स्फोटात फारसा जाणवत नाही. स्फोट ५.१ मध्येही छाती हलवतो. फरक ऐकायचा तो पावसात, जंगलात, गर्दीच्या बाजारात, पत्र्याच्या छपराखालच्या प्रसंगात. पाऊस पत्र्यावर पडतोय आणि पात्रं खाली बोलतायत असा प्रसंग चांगल्या ॲटमॉसमध्ये ऐकलात तर पाऊस खरंच वर राहतो आणि संवाद समोर मोकळे होतात. ५.१ मध्ये दोघांनाही तीच थोडी जागा वाटून घ्यावी लागते.

आता आयमॅक्स. हे मुख्यतः चित्राचं नाव आहे, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आयमॅक्सच्या हॉलमध्ये ॲटमॉस नसतो. त्यांची ध्वनियंत्रणा स्वतःची असते. जुन्या झेनॉन दिव्याच्या हॉलमध्ये ती साधी आहे, नव्या लेझर हॉलमध्ये १२ वाहिन्यांची, आणि त्यात बाजूचे व छताचे स्पीकरही येतात. तेव्हा तुमचा मुलगा आणि मुलगी भांडतात तो चित्र विरुद्ध आवाज असा वाद नाही. दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन वेगळ्या यंत्रणांमधली ती निवड आहे.

आयमॅक्सचा खरा फायदा उंचीत आहे. आपल्याकडचे बहुतेक भव्य चित्रपट ‘स्कोप’मध्ये असतात, म्हणजे चित्राची रुंदी उंचीच्या २.३९ पट. आपल्याकडच्या डिजिटल आयमॅक्सचा पडदा १.९० पट रुंद असतो, म्हणजे रुंदीच्या मानाने उंच. समजा पडदा ७० फूट रुंद आहे. चित्रपट आयमॅक्ससाठी उंच चौकटीत बनवला असेल तर चित्र जवळजवळ ३७ फूट उंच दिसेल. तोच चित्रपट स्कोपमध्येच असेल तर चित्र २९ फुटांवर थांबेल आणि वर-खाली मिळून साडेसात फूट काळा पट्टा राहील. पडदा तोच, तिकीट तेच, पण चित्र पाचव्या हिश्श्याने लहान.

आयमॅक्सला लागणारे पुष्कळ चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत स्कोपच राहतात. ते वाईट दिसतात असं नाही; पडदा मोठा असतो, उजेड चांगला असतो, आवाज दणदणीत असतो. पण ज्यासाठी आयमॅक्स आयमॅक्स आहे ती उंची तिथे मिळत नाही. म्हणून पोस्टरवर किंवा ट्रेलरच्या शेवटी ‘आयमॅक्समध्ये पहा’ एवढंच लिहिलंय की ‘आयमॅक्ससाठी चित्रित’ असं लिहिलंय, ते बघा. पहिल्या वाक्याचा अर्थ इतकाच की चित्रपट तिथे लागतोय. दुसऱ्याचा अर्थ, उंच चौकट असण्याची भरपूर शक्यता. ती पूर्ण चित्रपटभर आहे की काही प्रसंगांपुरती, हे चित्रपट लागण्याआधीच्या बातम्यांतून आणि मुलाखतींतून बहुधा कळतं.

एक उदाहरण नीट उलगडून बघू. मार्च २०२४ मध्ये डेनी व्हिलनवचा ‘ड्यून : पार्ट टू’ आला. हा संपूर्ण चित्रपट आयमॅक्ससाठी उंच चौकटीत आहे आणि साध्या पडद्यांवर तो स्कोपमध्ये दिसतो. शिवाय त्याचं ॲटमॉस मिश्रणही आहे. म्हणजे दोन्ही पर्याय खरे. समजा, तुमच्यासमोर तीन खेळ आहेत : ७० फुटी आयमॅक्स लेझर, ६० फुटी पडद्याचा ॲटमॉस हॉल आणि जवळच्या मल्टिप्लेक्समधला ४५ फुटी पडद्याचा ५.१ चा साधा हॉल. या चित्रपटाला मी आयमॅक्स घेईन. त्यातली वाळवंटं, वाळूतून वर येणारे महाकाय किडे, त्यांच्या पाठीवर उभी माणसं हे सगळं उभ्या मापात रचलेलं आहे. पायाखाली वाळू किती आणि डोक्यावर आकाश किती, हे चौकटीत दिसलं की त्या किड्याचा आकार डोळ्यांत भरतो. ६० फुटी हॉलमध्ये तेच चित्र २५ फूट उंच राहील. आवाज तिथला जास्त नेमका असेल, पण वरचं आकाश आणि खालची वाळू कापली गेलेली असेल.

आता याच तीन खेळांत चित्रपट बदला. समजा एखादा हिंदी किंवा तेलुगू ॲक्शनपट आहे, स्कोपमध्ये चित्रित आणि ॲटमॉसमध्ये मिसळलेला. आता ७० फुटी आयमॅक्सवर चित्र २९ फूट उंच, ६० फुटी हॉलमध्ये २५ फूट. फरक उरला चार फुटांचा, आणि तो एक-दोन रांगा पुढे बसून भरून निघतो. ॲटमॉस मात्र आयमॅक्समध्ये कुठल्याच रांगेत मिळणार नाही. इथे मी तुमच्या मुलीच्या बाजूने आहे. ‘ओपनहायमर’सारख्या चित्रपटाला उलट न्याय : ॲटमॉससाठी एक पैसाही जास्त देऊ नये, आयमॅक्ससाठी जरूर द्यावा. आणि दोन माणसं खोलीत बसून बोलतात असा चित्रपट असेल, मग तो मराठी असो की फ्रेंच, तर जवळच्या साध्या हॉलचं चांगल्या रांगेतलं तिकीट काढा. संवाद ५.१ मध्येही मधल्याच स्पीकरमधून येणार आहेत.

मल्टिप्लेक्सची स्वतःची मोठ्या पडद्याची नावं, म्हणजे पीव्हीआरचा पी-एक्सएल, आयनॉक्सचा बिगपिक्स, सिनेपोलिसचा मॅक्रोएक्सई, यांच्यासाठी चित्रपटाची वेगळी उंच आवृत्ती येत नाही. सगळ्या हॉलना जाते तीच प्रत तिथे मोठ्या पडद्यावर, चांगल्या प्रोजेक्टरने आणि बहुधा ॲटमॉससह दाखवतात. स्कोप चित्रपटासाठी ही सोय उत्तम आहे आणि माझ्या मते आपल्याकडे हिची किंमत लोक कमी लेखतात. ‘लेझर’ म्हणजे फक्त प्रोजेक्टरमधला प्रकाशस्रोत. झेनॉनचा दिवा वापरून वापरून मंद होत जातो आणि बदलायला उशीर झाला की चित्र मळकट दिसतं. लेझर बराच काळ टिकून राहतो. तेवढ्यापुरता तो शब्द कामाचा आहे.

पुण्यात खराडीच्या सिटी प्राइडमध्ये जुलै २०२५ मध्ये देशातलं पहिलं ‘डॉल्बी सिनेमा’ सुरू झालं, त्याचं थोडं वेगळं आहे. तिथे ॲटमॉस आहेच, पण जोडीला डॉल्बी व्हिजन हे प्रक्षेपण आहे. साध्या हॉलमध्ये पांढऱ्या पडद्याच्या उजेडाचं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट धरतात, तिथे ३१ पर्यंत जातं, आणि काळा रंग खराखुरा काळा पडतो. साध्या प्रोजेक्टरवर रात्रीचं आकाश करडं दिसतं, ते तिथे दिसत नाही. रात्रीचे, अवकाशातले, मशालीच्या उजेडातले प्रसंग ज्या चित्रपटात भरपूर आहेत आणि ज्याची डॉल्बी व्हिजनची प्रत आली आहे, त्यासाठी डोंबिवलीहून पुण्याला जाणं मला अवाजवी वाटत नाही.

हॉल ठरला, आता रांग. यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि चित्र किती मोठं दिसतं ते मुख्यतः हीच ठरवते. ४५ फुटी पडदा ४५ फुटांवरून आणि ७० फुटी पडदा ७० फुटांवरून डोळ्याला सारखाच रुंद दिसतो, साधारण ५३ अंश. अंतर पडद्याच्या रुंदीच्या दीडपट झालं की तो कोन ३७ अंशांवर येतो. म्हणजे आयमॅक्सच्या शेवटच्या रांगेत बसून तुम्ही साध्या हॉलच्या मधल्या रांगेहून लहान चित्र बघत असण्याची शक्यता असते, तेही जास्त पैसे देऊन. मी स्वतः पडद्यापासून साधारण पडद्याच्या रुंदीइतक्या अंतरावरची रांग शोधतो. ॲपवरच्या नकाशात अंतर दिसत नाही, पण बहुतेक हॉलमध्ये ही जागा मध्याच्या थोडी पुढेमागे येते.

आवाजासाठी किंचित मागे सरका. हॉलची ध्वनियंत्रणा जुळवताना मायक्रोफोन पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर, मधल्या पट्ट्यात ठेवतात. म्हणून आवाजाचा तोल तिथेच सगळ्यात बरोबर असतो. महागडी शेवटची रांग ॲटमॉससाठी वाईट, कारण मागच्या भिंतीचे स्पीकर कानाला लागून असतात आणि समोरचं सगळं त्यामागे जातं. कडेच्या खुर्च्यांचंही तेच. आठ जणांना एकत्र जागा हव्यात म्हणून कडेचा अख्खा तुकडा घेण्यापेक्षा दोन रांगांत चार-चार मधल्या जागा घेतल्या तर सगळ्यांना चित्रपट बरा ऐकू येतो.

एवढं सगळं जुळूनही काही वेळा बिघडतं, आणि ते ओळखता येतं. ॲटमॉसची प्रत चालू असताना प्रोसेसरचा चित्राशी मेळ तुटला, तर खेळ थांबत नाही. आवाज आपोआप ५.१ किंवा ७.१ वर उतरतो. प्रेक्षकाला वाटतं सगळं ठीक आहे. चित्रपटाआधी पुष्कळ ॲटमॉस हॉलमध्ये डॉल्बीची छोटी फीत दाखवतात. ती लागली तर त्यात डोक्यावरून काही जातंय का ते ऐका. ती वर ऐकू आली आणि ॲटमॉसच्या चित्रपटातलं पहिलं वादळ मात्र फक्त भिंतींतून आलं, तर एकतर मेळ तुटलाय किंवा हॉलला ५.१ चीच प्रत आली आहे. डब केलेल्या चित्रपटांत दुसरी शक्यता खरी असते : मूळ इंग्रजी आवाज ॲटमॉसमध्ये असला म्हणून हिंदी आवृत्तीही असेलच असं नाही. भाषा निवडताना हेही विचारून घ्या.

दुसरी तक्रार जास्त नेहमीची : संवाद कळत नाहीत. ध्वनिप्रोसेसरवर ० ते १० अशी पट्टी असते आणि चित्रपट ७ वर ऐकून मिसळलेला असतो. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश वाटतात, कुणी तक्रार करतं, ऑपरेटर पट्टी ५ वर आणतो आणि चित्रपट सुरू झाल्यावर ती तिथेच राहते. मग कुजबुज ऐकू येत नाही. दहा मिनिटांत संवादांसाठी कान टवकारावे लागले तर मध्यंतराची वाट न बघता बाहेर जाऊन ड्युटी मॅनेजरला नेमक्या शब्दांत सांगा : ‘आवाज सातवर आहे का बघा’. ‘आवाज कमी आहे’ या वाक्यावर कुणी फारसं हलत नाही. पट्टीचा आकडा विचारला की प्रोजेक्शनच्या खोलीत फोन जातो.

प्रश्न : मी २००१ मध्ये वडाळ्याच्या आयमॅक्सला घुमटासारख्या पडद्यावर चित्रपट पाहिला होता. मान वळवावी तिकडे चित्र. आजच्या आयमॅक्समध्ये ते का वाटत नाही?
– एक वाचक, दादर

उत्तर : कारण ते वेगळं यंत्र होतं. तेव्हाचं आयमॅक्स ७० मिलिमीटरच्या फिल्मवर चालायचं. १९७० च्या ओसाका प्रदर्शनात ते पहिल्यांदा दाखवलं गेलं. फिल्म प्रोजेक्टरमध्ये आडवी धावायची आणि एकेका चौकटीला बाजूची १५ छिद्रं लागायची, म्हणून चौकट नेहमीच्या ७० मिलिमीटरच्या जवळजवळ तिप्पट. घुमटात ती माशाच्या डोळ्यासारख्या भिंगातून पसरवत. सपाट पडद्यावर त्या फिल्मचं प्रमाण १.४३, म्हणजे जवळपास चौकोनी. ७० फूट रुंद पडद्याला ती ४९ फूट उंची देते, आपल्या आजच्या डिजिटल आयमॅक्सपेक्षा १२ फूट जास्त.

२००८ पासून डिजिटल आयमॅक्स आलं, मल्टिप्लेक्सच्या हॉलमध्ये बसू लागलं आणि चौकट १.९० ची झाली. ‘ओपनहायमर’च्या त्या जुन्या पद्धतीच्या फिल्म-प्रती जगभरात ३० पडद्यांवर लागल्या, भारतात एकाही नाही. एकेक प्रत सुमारे ११ मैल लांब आणि २७० किलोंच्या आसपास वजनाची होती आणि ती चालवणारी यंत्रं आणि माणसं दोन्ही मोजकीच उरली आहेत. लंडनमध्ये बीएफआय आयमॅक्स आणि सायन्स म्युझियम, ऑस्ट्रेलियात मेलबर्न इथे ती लागली होती. तुमची मुलं किंवा नातेवाईक तिकडे असतील आणि तुमचं जाणं होणार असेल, तर त्या आठवड्यात फिल्मवरचा खेळ आहे का ते जाण्याआधीच बघून ठेवा. एरवी त्याच पडद्यांवर डिजिटल खेळही चालतात.